परदेशातला घटस्फोट इथे चालतो का?

आज आपण अशा एका कागदाबद्दल बोलणार आहोत, जो विमानाने येतो आणि माहेरच्या घरात वाचता येईल असं कुणी नसतं. लेक परदेशात दिली, संसार तिकडेच झाला, आणि एक दिवस तिकडच्या कोर्टाचा शिक्का मारलेला निकाल येतो: तुमचा घटस्फोट झाला. मग घरात दोन तट पडतात. कुणी म्हणतं, एवढ्या मोठ्या देशाचं कोर्ट, ते कसं खोटं असेल? कुणी म्हणतं, लग्न इथे लागलं, तिकडचं कोर्ट आपलं कोण? आणि थोड्याच दिवसांत खरा प्रश्न पुढे येतो: आता हिचं दुसरं लग्न करायचं का?

दोन्ही तट अर्धे बरोबर असतात आणि अर्धे चुकीचे. परदेशी निकाल म्हणजे आपोआप रद्दी नाही, आणि आपोआप ब्रह्मवाक्यही नाही. आपला कायदा त्या निकालाला काही प्रश्न विचारतो. उत्तरं बरोबर आली तर निकाल इथे धरला जातो. नाही आली तर तो त्या देशापुरता राहतो आणि इथे बाई विवाहितच राहते.

समजायला सोपं जावं म्हणून आपण एका घरातल्या दोन बहिणी धरू. ही माणसं खरी नाहीत, उदाहरणापुरती आहेत. घर कराडकडचं म्हणू. दोघींची लग्नं गावातच लागली, सप्तपदी झाली, नोंदणीही झाली. थोरली अमेरिकेत न्यू जर्सीला गेली, धाकटी लंडनला. दोघींच्याही हातात आज परदेशी घटस्फोटाचा कागद आहे. पण इथल्या कायद्याच्या नजरेत एकीचा घटस्फोट झालेला आहे आणि दुसरीचा नाही. असं का, ते बघू.

आधी थोरलीचं. चार वर्षं ती नवऱ्याबरोबर तिकडे राहिली. तिचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर होता, म्हणजे त्याच्याशिवाय तिला तिकडे राहण्याचा स्वतंत्र हक्क नव्हता. एका उन्हाळ्यात नवरा म्हणाला, "माहेरी जाऊन ये, आईला बरं वाटेल." ती आली. परतीचं तिकीट लांबत गेलं, मग फोन बंद झाले, आणि दोन महिन्यांनी कुरिअर आलं. त्यात तिकडच्या कोर्टाचं समन्स होतं. ३५ दिवसांत उत्तर द्या, असं लिहिलं होतं. घरच्यांनी कागद देवघरात ठेवले. कुणी म्हणालं, उत्तर द्यायचंच नाही, आपोआप पडेल ते. ते पडलं नाही. कोर्टाने नवऱ्याचं ऐकून एकतर्फी निकाल दिला. कारण दाखवलं होतं, "न मिटणारे मतभेद, सहा महिन्यांपासून".

हा निकाल इथे चालेल का, याचं उत्तर जुनं आहे आणि पक्कं आहे. ते १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलं. नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या नावाने तो खटला ओळखला जातो. वकिलाकडे जाल तेव्हा हे नाव सांगा, त्याला लगेच कळेल. तो खटला नीट ऐकण्यासारखा आहे, कारण त्यात थोरलीची जवळजवळ सगळी गोष्ट येते.

लग्न १९७५ साली तिरुपतीला, हिंदू पद्धतीने झालं होतं. नवरा अमेरिकेत होता. दोघं शेवटी एकत्र राहिले ते अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात, न्यू ऑर्लिन्स शहरात. पुढे बेबनाव झाला. नवऱ्याने आधी तिरुपतीच्याच कोर्टात घटस्फोटाचा अर्ज टाकला. तो चालू असतानाच त्याने अमेरिकेतल्या दुसऱ्याच राज्यात, मिसुरीमध्ये, नवा अर्ज केला. तिथे नव्वद दिवस राहिलं की त्या राज्याचं कोर्ट अर्ज ऐकायचं, म्हणून त्याने आपण तिथले रहिवासी आहोत असं दाखवलं. बायको त्या राज्यात कधी राहिलीच नव्हती. तिने इथून हरकत नोंदवून उत्तर पाठवलं, पण ती तिथल्या कोर्टापुढे गेली नाही. १९८० साली तिच्या गैरहजेरीत घटस्फोट झाला. कारण काय, तर संसार मोडलाय, आता जुळणार नाही. पुढच्याच वर्षी नवऱ्याने इथे येऊन दुसरं लग्न केलं. बायकोने फौजदारी तक्रार केली: माझं लग्न उभं असताना याने दुसरं केलं. नवऱ्याने अमेरिकेचा कागद पुढे केला, आणि प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं.

सर्वोच्च न्यायालयाने तो घटस्फोट मानला नाही, आणि दुसऱ्या लग्नाचा खटला पुढे चालवायला सांगितलं. त्यातच न्यायालयाने नियमही घालून दिला. मूळ सूत्र असं, की नवरा-बायकोचं लग्न ज्या कायद्याने लागलं, तो कायदाच सांगणार की ते कोणतं कोर्ट मोडू शकतं आणि कोणत्या कारणाने. लग्न हिंदू विवाह कायद्याने लागलं असेल तर त्या कायद्यातलं कोर्ट आणि त्या कायद्यातलं कारण. लग्न नोंदणी पद्धतीने, म्हणजे विशेष विवाह कायद्याने लागलं असेल तर तो कायदा. ख्रिश्चन, मुस्लिम, पारशी भगिनींनीही सुरुवात इथूनच करायची: आपलं लग्न कोणत्या कायद्याखाली आहे?

आता कारणाचा मुद्दा जरा थांबून समजून घेऊ, कारण बहुतेक परदेशी निकाल इथेच अडकतात. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाची कारणं दिलेली आहेत: छळ, दोन वर्षं सोडून जाणं, परस्त्री किंवा परपुरुषाशी संबंध, आणि आणखी काही. दोघांची संमती असेल तर त्याचीही वेगळी वाट आहे. पण "आमचं जमत नाही, संसार संपला" एवढ्या एकाच कारणावर, दुसऱ्याची संमती नसताना, इथलं साधं कोर्ट घटस्फोट देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालय आपल्या खास अधिकारात तसा देतं, तो अधिकार कराडच्या, पुण्याच्या किंवा मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयाला नाही. उलट अमेरिकेत आणि इंग्लंडात आता हेच कारण नेहमीचं झालंय. कुणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. म्हणजे तिकडचं कोर्ट त्याच्या कायद्याने अगदी बरोबर वागलेलं असतं, तरी त्याचा निकाल आपल्या कायद्याच्या साच्यात बसत नाही. यात तिकडच्या न्यायाधीशाची चूक काढायची नसते. दोन देशांची मापं वेगळी आहेत, एवढंच.

मग परदेशी निकाल कधीच चालत नाही का? चालतो. त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने तीन दारं उघडी ठेवली आहेत. पहिलं: ज्याच्याविरुद्ध अर्ज केला तो माणूस त्या देशात कायमचा राहणारा असेल, आणि घटस्फोटाचं कारण आपल्या कायद्यातही असेल. दुसरं: ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो स्वतःच्या मर्जीने त्या कोर्टापुढे आला, नीट लढला, आणि कारण पुन्हा आपल्या कायद्यातलं आहे. तिसरं: त्याने किंवा तिने त्या घटस्फोटाला संमती दिली. तिसऱ्या दारात कोर्ट कोणतं, हा वाद उरत नाही.

थोरलीला हे लावून बघा. ती तिकडे कायमची राहणारी नव्हती, व्हिसा नवऱ्याच्या नावाला बांधलेला होता आणि अर्ज झाला तेव्हा ती कराडला होती. ती त्या कोर्टापुढे गेली नाही. तिने संमती दिली नाही. कारणही आपल्या कायद्यातलं नाही. तिन्ही दारं बंद. म्हणून इथे ती आजही विवाहित आहे, कागदावर काहीही लिहिलेलं असो.

त्या निकालातली आणखी एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते, आणि ती कमी सांगितली जाते. नुसतं समन्स पोचलं म्हणजे बाईला बाजू मांडायची संधी मिळाली, असं न्यायालयाने मानलं नाही. कराडची बाई तिकीट, वकील, राहणं यांचा खर्च कुठून करणार? म्हणून न्यायालयाने म्हटलं, की गरज असेल तिथे प्रवासाचा, राहण्याचा आणि खटल्याचा खर्च अर्ज करणाऱ्याने द्यायची सोय झाली पाहिजे, तरच ती संधी खरी. नाहीतर तो निकाल न्यायाच्या साध्या तत्त्वाला धरून नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ मध्ये परदेशी निकाल कधी मानायचा नाही ते लिहिलेलं आहे, त्यात हे एक कारण आहे. फसवून मिळवलेला निकालही त्याच यादीत येतो.

आता धाकटीकडे येऊ. लंडनमध्ये तिचा आणि नवऱ्याचा संसार खरंच संपला होता, आणि दोघांनाही ते मान्य होतं. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२ पासून नवरा-बायकोला मिळून एकच अर्ज करता येतो. त्यांनी तसा केला. तिने स्वतः सही केली, तिचा स्वतःचा वकील होता, काय लिहिलंय ते तिला माहीत होतं. कारण तिथेही "संसार मोडला" हेच होतं, पण इथे तिसरं दार उघडतं: तिची संमती आहे. म्हणून हा घटस्फोट इथे धरला जातो. भारतात येऊन पुन्हा घटस्फोट घ्यायची गरज नाही. काही जण "इथेही एकदा करून घेऊ" म्हणून पैसे घेतात, ते द्यायची घाई करू नका. आधी संमतीचा कागद तपासून घ्या.

धाकटीच्या बाबतीत एक बारीक गोष्ट मात्र बघायची. इंग्लंडात दोन कागद मिळतात. अर्जानंतर वीस आठवडे थांबून पहिला हुकूम मागता येतो. तो म्हणजे घटस्फोट नव्हे, तो फक्त "हरकत नाही" असं सांगणारा हुकूम. त्यानंतर साधारण सहा आठवड्यांनी शेवटचा हुकूम मागायचा असतो, आणि लग्न त्या दिवशी संपतं. पहिलाच कागद घेऊन भारतात आलेली बाई इथे काय, इंग्लंडातसुद्धा अजून विवाहित असते. म्हणून कागदावर शेवटचा हुकूम असं लिहिलंय का, ते जाणत्या माणसाकडून वाचून घ्या.

आणि संमती म्हणजे काय, हेही जरा खोलात बघू. "व्हिसाचे कागद आहेत, सही कर" असं सांगून घेतलेली सही ही संमती नव्हे, ती फसवणूक. पण ते सिद्ध करावं लागतं, आणि सिद्ध करण्याचा भार बाईवर येतो. सही तिचीच, अक्षर तिचंच. म्हणून परदेशात कोणताही कागद आपल्याला कळत नसलेल्या भाषेत असेल तर सही करण्याआधी त्याचा फोटो माहेरी पाठवा. मोबाईलमधला तो फोटो आणि पाठवल्याची वेळ, दोन्ही पुढे साक्षीला उपयोगी पडतात.

या दोन बहिणींच्या मधली जी बाजू आहे ती अवघड. दोघंही वीस-वीस वर्षं तिकडे, घर तिकडे, मुलं तिकडे, परत यायचा विचारच नाही. अशा वेळी कोर्ट विचारतं, यांचं कायमचं घर कोणतं? कायद्यात याला अधिवास म्हणतात. हिंदू विवाह कायदा भारतात अधिवास असलेल्या हिंदूंना परदेशातही लागू राहतो. पण अधिवासच बदलला असेल तर गोष्ट बदलते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली एका प्रकरणात, नवरा-बायको दोघंही अमेरिकेत स्थायिक होते आणि शेवटचा संसार तिथलाच होता म्हणून, तिथल्या कोर्टाचा घटस्फोट मान्य केला. म्हणजे "लग्न इथे लागलं" एवढं एकच वाक्य प्रत्येक वेळी पुरत नाही.

पण दुसऱ्या बाजूनेही ऐका. बंगळूरला लग्न झालेलं एक जोडपं स्वीडनला गेलं, तिथलं नागरिकत्व घेतलं, मग ऑस्ट्रेलियात सिडनीला राहिलं. बायको मुंबईला आली आणि तिने वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला. नवरा म्हणाला, आम्ही आता भारतीय नाही, या कोर्टाला अधिकार नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचं म्हणणं फेटाळलं. स्वीडन सोडलं, ऑस्ट्रेलियात कायमचं राहायचा इरादा सिद्ध झाला नाही, म्हणून मूळचा भारतातला अधिवास पुन्हा जिवंत झाला, असं न्यायालय म्हणालं. तिचा अर्ज मुंबईत चालू राहिला. पासपोर्टचा रंग बदलला म्हणजे घर बदललं असं नाही. घर कुठे, हे माणसाच्या वागण्यावरून ठरतं: घर विकत घेतलं का, परत यायची भाषा होती का, व्हिसा कसला होता, इकडची शेती-घर सांभाळलं का.

आता कामाची गोष्ट. परदेशातून कोर्टाचे कागद आले तर पहिल्या आठवड्यात काय करायचं?

कागद देवघरात ठेवायचे नाहीत, फेकायचेही नाहीत. पाकीटसुद्धा जपून ठेवायचं, कारण त्यावर तारीख आणि पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. परदेशी कोर्टाचं समन्स भारतात बजावायची ठरलेली रीत म्हणजे ते दिल्लीच्या विधी मंत्रालयाकडून यावं. थेट टपालाने बजावायला भारताने हेग करारात हरकत घेतलेली आहे. म्हणून कुरिअरने आलेल्या समन्सविरुद्ध पुढे हा मुद्दा मांडता येतो. पण मुद्दा आहे म्हणून गप्प बसता येत नाही. तिकडचं कोर्ट वाट बघत नाही.

उत्तर द्यायचं का, हा सगळ्यात नाजूक प्रश्न. दोन टोकं टाळायची. एक टोक म्हणजे काहीच न बोलणं. दुसरं टोक म्हणजे घाबरून, किंवा नवऱ्याच्या वकिलाने पाठवलेल्या छापील फॉर्मवर, "मला मान्य आहे" किंवा "मला अमुक इतके पैसे द्या म्हणजे झालं" असं लिहून देणं. असं लिहिलं की पुढे नवरा म्हणतो, बघा, ती कोर्टापुढे आली होती, संमती होती. मधली वाट म्हणजे हरकत नोंदवून उत्तर देणं. वकिलाकडून ते असं लिहून घ्यायचं: माझं लग्न हिंदू विवाह कायद्याने अमुक गावी झालं, मी भारतात राहते, माझ्या लग्नाचा निवाडा करण्याचा अधिकार या कोर्टाला नाही, हे उत्तर मी फक्त हरकत नोंदवण्यासाठी देत आहे, ते या कोर्टाचा अधिकार मान्य केला असं समजू नये. तिरुपतीच्या बाईने हेच केलं होतं, आणि तिचं ते उत्तर तिच्या विरोधात गेलं नाही.

यात एक तोटा आहे, तो लपवून ठेवणं बरं नाही. तिकडे घर दोघांच्या नावावर असेल, बँकेत पैसे असतील, किंवा मुलं तिकडेच असतील, तर त्याचा निवाडा तिकडचंच कोर्ट करणार. तिथे बाईने भाग घेतला नाही तर तिचा वाटा बुडू शकतो. भाग घेतला तर तिकडचा अधिकार मान्य केल्यासारखं होऊ शकतं. अशा वेळी दोन्ही देशांचं जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय एक ओळही लिहू नये. कुणाचं नुकसान कुठे जास्त, हे प्रत्येक घरी वेगळं निघतं.

त्याच आठवड्यात इथल्या कोर्टात जायची तयारी करायची. पुष्कळ बायकांना सांगितलं जातं, की संसार परदेशात होता म्हणून इथलं कोर्ट ऐकणार नाही. हे खरं नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, लग्न जिथे लागलं तिथलं कोर्ट चालतं. शिवाय २००३ सालच्या दुरुस्तीनंतर बायको अर्ज करणारी असेल तर ती आज जिथे राहते तिथलं कोर्टही चालतं. म्हणजे थोरलीला तिच्या माहेरच्या भागातल्या कोर्टात जाता येतं. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे तिथे, नाही तिथे दिवाणी न्यायालयात. ती काय मागू शकते? परदेशी निकाल माझ्यावर बंधनकारक नाही आणि मी विवाहित आहे, असं जाहीर करून मागू शकते. स्वतःला घटस्फोट हवा असेल तर सोडून दिल्याचं किंवा छळाचं कारण देऊन इथेच घटस्फोट मागू शकते, पोटगीसकट. खूप बायकांना शेवटी हेच हवं असतं. नवऱ्याशी संसार नको असतो, पण टाकून दिल्यासारखं नाही, आपल्या हक्काने वेगळं व्हायचं असतं.

परदेशात खटला अजून चालू असेल तर इथलं कोर्ट नवऱ्याला तो पुढे नेण्यापासून मनाई करू शकतं. लक्षात घ्या, मनाई नवऱ्याला होते, तिकडच्या न्यायाधीशाला नाही. परदेशी कोर्ट आपल्या कोर्टाच्या हुकमाखाली नाही. नवऱ्याला भारतात यायचं असेल, इथे जमीन-घर असेल, तर तो हुकूम त्याला टोचतो. इथे त्याचं काहीच नसेल तर हुकूम कागदावरच राहू शकतो. मनाई सहज मिळतही नाही. परदेशातला खटला जाच म्हणून चालवलाय, हे कोर्टाला पटवावं लागतं.

म्हणूनच अशी स्थिती येते, की तिकडे नवरा मोकळा आणि इथे तो विवाहित. आम्ही त्याला लंगडं लग्न म्हणतो. एका पायावर उभं, दुसरा मोडलेला. नवऱ्याने तिकडे दुसरं लग्न केलं तर तिकडच्या कायद्याने ते खरं, आपल्या कायद्याने रद्द. सगळ्यात जास्त जपायचं ते मात्र बाईने. थोरलीच्या वडिलांना कुणी सांगितलं, "कागद आलाय ना, उरकून टाका दुसरं." तो कागद इथे चालत नाही, म्हणून तिचं दुसरं लग्नही रद्दच ठरतं. वर, पहिलं लग्न उभं असताना दुसरं केल्याचा गुन्हा तिच्यावरही येऊ शकतो. भारतीय न्याय संहितेत त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार कोण करणार? ज्याने घटस्फोट पाठवला, तोच नवरा करू शकतो. तर मग आधी कोर्टाचा इथला निकाल घ्या, मग मुलगा बघा. उशीर होतो, आम्हाला माहीत आहे. दोन-तीन स्थळं हातची जातील.

खर्चाचं काय? बाई कोणत्याही उत्पन्नाची असो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे तिला सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं टेबल असतं, आणि १५१०० हा फोन आहे. तिथे जाताना "परदेशी निकाल आहे" हे आधी सांगा, म्हणजे अशी प्रकरणं हाताळलेला वकील मिळायला बघता येतं. राष्ट्रीय महिला आयोगातही परदेशस्थ भारतीयांच्या लग्नांसाठी वेगळा कक्ष आहे. नवऱ्याचा पत्ता किंवा नोकरी शोधायची असेल तर त्याचा उपयोग होतो.

पोटगीचा प्रश्न हमखास येतो, तेव्हा तो सांगून टाकतो. समजा परदेशी घटस्फोट इथे मानला गेला, तरी घटस्फोटित बाईला, तिने दुसरं लग्न केलेलं नसेल आणि ती स्वतःचं पोट भरू शकत नसेल तर, पोटगी मागता येते. पूर्वी हे १२५ कलम म्हणून ओळखलं जायचं, आता ते नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय. मात्र परस्पर संमतीत पोटगी सोडून दिल्याचं लिहून दिलं असेल तर नवरा ते पुढे करतो. धाकटीसारख्यांनी सही करण्याआधी ती ओळ शोधावी.

शेवटी कागदाबद्दल. परदेशी निकालाची साधी झेरॉक्स इथे कामाची नाही. तिरुपतीच्या खटल्यात नवऱ्याचा पहिला पाय तिथेच घसरला: त्याने दिलेल्या फोटोकॉपीवर भारत सरकारच्या तिकडच्या प्रतिनिधीचा दाखला नव्हता. तिकडच्या कोर्टाची प्रमाणित प्रत लागते, आणि ती खरी असल्याचा दाखला. ज्या देशांबरोबर आपला करार आहे तिथे, अमेरिका आणि इंग्लंड त्यात आहेत, अपोस्टिल नावाचा शिक्का त्या देशातच मारून मिळतो. जे देश त्या करारात नाहीत, तिथे भारतीय वकिलातीचा शिक्का लागतो. इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेतला निकाल असेल तर भाषांतर, तेही प्रमाणित. धाकटीने हे लंडनमध्ये असतानाच करून घेतलं. भारतात येऊन लंडनच्या कोर्टाकडून प्रत मागवायची म्हणजे महिने जातात आणि पैसेही. तिच्या पिशवीत चार कागद आहेत: शेवटच्या हुकमाची प्रमाणित प्रत अपोस्टिलसह, दोघांच्या सहीचा मूळ अर्ज, पैशाच्या वाटणीचा करार, आणि लग्नाचा दाखला. पासपोर्टवरचं नाव बदलायला, बँकेत, आणि पुढे कधी लग्न ठरलंच तर नोंदणीला, हेच चार लागतात. थोरलीने सध्या पाकीट, समन्स आणि तो व्हिसाचा जुना कागद घेऊन तालुक्याची पायरी चढायची आहे. व्हिसाचा कागद विसरायचा नाही. ती तिकडे कायमची राहणारी नव्हती, हे दाखवणारा पुरावा तोच आहे.